गुडघ्याला जेल किती, आणि पट्टी का नको

अकोला-अमरावतीकडे सोयाबीनच्या निंदणात दिवसभर उकिडवं बसलं की संध्याकाळी गुडघे बोलू लागतात. मग घरोघरी एकच उपाय होतो: मेडिकलमधून आणलेली ट्यूब, वाटाण्याएवढं जेल, आणि वरून गरम केलेलं रुईचं पान ठेवून आवळलेली पट्टी. यात जेल फार कमी आहे, आणि पट्टी मुळीच नको.

डायक्लोफेनॅकचं 1 टक्का जेल घेतलं, तर मोठ्या माणसाच्या एका गुडघ्याला एका वेळी 4 ग्रॅम लागतं, दिवसातून चार वेळा. 30 ग्रॅमच्या ट्यूबचे सात भाग कल्पा. त्यातला एक भाग म्हणजे एक वेळ. गुडघ्याच्या पुढे, मागे आणि दोन्ही बाजूंना हळुवार चोळायचं. या हिशेबाने ट्यूब दोन दिवसही पुरत नाही. आपण तीच महिनाभर पुरवतो आणि वर म्हणतो, औषधात दम नाही. खर्च परवडत नसेल तर डॉक्टरांना तसं सांगावं, ते दुसरा मार्ग काढतील. 2 टक्क्यांच्या जेलची मात्रा वेगळी असते, म्हणून वेष्टनावरचा आकडा वाचावा. एका दिवसात गुण येत नाही, आठवडाभर नेमाने लावावं लागतं. तरीही सगळ्यांना गुण येतोच असं नाही.

आता पट्टीचं. कातडीचा वरचा मृत थर औषधाला अडवून धरतो, त्यामुळे ते थोडं थोडं आत झिरपतं. गोळीच्या मानाने रक्तात साधारण 6 टक्केच पोचतं, आणि पोटाला त्रास कमी होतो तो याचमुळे. आवळ पट्टीखाली घाम कोंडतो, तो थर ओला होऊन फुगतो, कातडी तापते, आणि औषध हवं त्यापेक्षा जास्त आत शिरतं. आपल्याकडच्या बऱ्याच जेलमध्ये मेन्थॉल आणि मिथाइल सॅलिसिलेटही असतं. ते कोंडलं की आग होते, फोडही येतात. रुईचा चीक कातडीला जाळतो, तो त्रास वेगळाच. गरम पाण्याची पिशवी किंवा शेक जेलवर नकोच.

नी-कॅप घालायचीच असेल तर जेल पूर्ण वाळू द्या, किमान दहा मिनिटं, आणि ती सैल ठेवा. तासभर गुडघा धुऊ नका. जखमेवर लावू नका, आणि लावून झाल्यावर हात धुवा, नाहीतर डोळ्यात जाईल.

जेल चालू असताना दुखण्याची गोळी आपल्या मनाने घेऊ नका. मूत्रपिंडाचा आजार, रक्त पातळ करणारी गोळी, दमा किंवा गर्भारपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. पाय सुजले, लघवी कमी झाली किंवा शौचाला काळी झाली, तर जेल थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठा. गुडघा लाल, गरम आणि सोबत ताप असेल, तर जेलची वाट न पाहता लगेच जा.