खिम्याचं पाणी आटताना

खिमा शिजला की नाही, हे बहुतेक घरांत रंगावरून ठरतं. लाल-गुलाबी मांस करडं-तपकिरी झालं, वर तेलाचा तवंग दिसला, की गॅस बंद. खिम्याच्या बाबतीत रंगाची ही साक्ष कच्ची आहे. त्यापेक्षा पक्की साक्ष कढईतलं पाणी देतं. ते कधी सुटलं, किती वेळ उकळलं आणि कधी आटलं, याकडे नीट लक्ष ठेवावं.

खिम्याला एवढं जपावं लागतं याचं कारण खाटकाच्या यंत्रात आहे. मांसाच्या अख्ख्या तुकड्यावर जंतू असतात ते मुख्यतः पृष्ठभागावर. तुकडा बाहेरून नीट तापला की त्यातले बहुतेक मरतात. तोच तुकडा यंत्रातून किंवा सुऱ्याखालून बारीक होऊन निघाला, की बाहेरची बाजू आत जाते आणि जंतू सगळ्या खिम्यात पसरतात. अमेरिकेत १९९३ साली अर्धवट शिजलेल्या हॅम्बर्गरमधून ई. कोलाय जंतूंची साथ पसरली. सातशेहून अधिक माणसं आजारी पडली, चार मुलं दगावली. बारीक केलेलं मांस आतपर्यंत ७१ अंश सेल्सिअसला पोहोचलं पाहिजे, कोंबडीचं असेल तर ७४, असं तिथलं कृषी खातं सांगतं. मांस कधीकधी ७१ अंशांच्या बरंच आधी आतून तपकिरी होतं, हेही तिथल्या तपासण्यांत दिसून आलं. आपल्याकडे तर हळद, तिखट आणि कांदा-लसूण मसाला पडल्यावर रंगावरून काही कळायची सोयच उरत नाही.

आता अर्धा किलो मटणाचा खिमा घेऊन चुलीपाशी उभं राहू. कढई जाड बुडाची आणि पसरट हवी. अरुंद पातेल्यात खिम्याचा थर जाड बसतो, वाफ अडकते आणि पाणी आटायला दुप्पट वेळ लागतो. दोन मोठे चमचे तेलात दोन मध्यम कांदे मध्यम आचेवर आठ-दहा मिनिटं परतावेत, कडा सोनेरी होईपर्यंत. मग चमचाभर आलं-लसणाचं वाटण घालून मिनिटभर परतावं, त्याचा कच्चा वास जाईपर्यंत. हळद-तिखट मात्र अजून घालायचं नाही.

आच मोठी करून खिमा घालावा आणि लगेच कालथ्याच्या कडेने फोडायला घ्यावा. ही पहिली चार-पाच मिनिटं फार मोलाची. खिमा तापला की त्यातली प्रथिनं आकसतात आणि एकमेकांना घट्ट धरतात. तोपर्यंत गुठळी फुटली नाही तर ती पुढे फुटत नाही, तशीच चेंडूसारखी राहते. कांदा परतताना हात जरा सैल सोडला तर चालतं, इथे नाही.

पाच-सहा मिनिटांत रंग करडा होतो आणि कढईत अर्धी-पाऊण वाटी पाणी साचतं. पहिल्यांदा करणारे इथे घाबरतात, खाटकाने पाणी मारलं असं म्हणतात. कधी तसं असेलही, पण मांसात वजनाच्या दोन तृतीयांशाच्या आसपास पाणीच असतं आणि आकसताना ते बाहेर येणारच. खिमा धुऊन चाळणीत नीट निथळला नसेल तर ते आणखी वाढतं. हे पाणी ओतून देऊ नये, मटणाची चव त्यातच उतरलेली असते. आच मोठी ठेवून ते रटरटू द्यावं.

पाणी सगळीकडे खळखळ उकळतंय, याचा अर्थ ते शंभर अंशांच्या आसपास आहे. त्यात सुटासुटा पसरलेला खिम्याचा दाणा काही मिनिटं राहिला की ७१ अंश सहज ओलांडतो. म्हणजे खिमा खायला सुरक्षित होतो तो कोरडा व्हायच्या आधीच, आणि मऊ व्हायच्या तर कितीतरी आधी. सुरक्षित, कोरडा आणि मऊ या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत आणि त्या याच क्रमाने येतात.

आठ-दहा मिनिटांत पाणी आटतं. ते डोळ्यांआधी कानाला कळतं. रटरट थांबते आणि बारीक चरचर सुरू होते. कालथ्याने खिमा बाजूला सारला तर मोकळ्या बुडावर पाणी धावून येत नाही, फक्त तेल चकाकतं. पाणी असेपर्यंत कढईतली उष्णता शंभराच्या वर जाऊ शकत नाही, म्हणून खिमा नुसता उकडतो. ते गेल्यावरच तो खमंग भाजायला लागतो. आच मध्यम करून तीन-चार मिनिटं तसाच परतावा, मग हळद, तिखट, मसाला आणि बारीक चिरलेला टोमॅटो घालावा. मीठही याच वेळी.

मऊपणासाठी पुढची पंधरा-वीस मिनिटं लागतात. बोकडाच्या मांसातले चिवट तंतू मंद आचेवर, ओलाव्यातच सैल होतात. अर्धी वाटी गरम पाणी घालून झाकण ठेवावं आणि आच मंद करावी. मटार घालायचे तर शेवटच्या दहा मिनिटांत. मग झाकण काढून पाच-सात मिनिटांत पुन्हा पाणी आटवावं. पावासोबत खायचा तर अंगाबरोबर रस ठेवावा, पॅटिसमध्ये भरायचा तर अगदी कोरडा करावा. सगळं मिळून पाऊण तास ते तासाभराचं काम आहे.

हा हिशेब चुकतो तो गुठळीपाशी. फ्रीजरमधला खिम्याचा गोळा घाईघाईने तसाच कढईत टाकला, असं समजा. बाहेरचा थर सुटतो, शिजतो, त्याचं पाणी उकळून आटतं, चरचरही ऐकू येते. मधला लिंबाएवढा गोळा मात्र आत थंडच असतो. पाण्याची साक्ष सुट्या दाण्यांपुरती खरी, गोळ्याच्या पोटातलं ती सांगत नाही. म्हणून खिमा आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात उतरवून ठेवावा. शिजवताना कढईतली सगळ्यात मोठी गुठळी शोधून ती मोडून पाहावी. आत गुलाबी, चिकट किंवा गिळगिळीत लागलं तर ती कुस्करून, थोडं पाणी घालून, पुन्हा पाच मिनिटं उकळू द्यावं. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर खिम्याचा एका बाजूला ढीग करून त्याचं टोक ढिगाच्या मध्यभागी खुपसावं, बुडाला टेकू देऊ नये.

कोंबडीचा खिमा याच वाटेने जातो, पण त्याला शेवटची मंद आच फार लागत नाही. पाणी आटल्यावर मसाल्यासह सात-आठ मिनिटं पुरतात, जास्त झालं तर तो रवाळ आणि कोरडा होतो. मात्र त्याच्या गुठळीत रंगावर मुळीच विसंबू नये, तो आधीच फिकट असतो.

उरलेला खिमा कढईतच झाकून ओट्यावर रात्रभर ठेवू नये. पसरट डब्यात काढून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये टाकावा. दुसऱ्या दिवशी त्यात दोन चमचे पाणी घालून, मधूनही वाफ येईपर्यंत परतून मगच वाढावा.