जावयाचे ११८ आणि सासऱ्यांचे ६८

समजा, एकाच घरातले दोन लिपिड प्रोफाइल एकाच दिवशी आले. जावई ३४ वर्षांचे, सासरे ६१ वर्षांचे, गेल्याच वर्षी अँजिओप्लास्टी झालेले. एलडीएल, म्हणजे वाईट म्हणून बदनाम झालेलं कोलेस्टेरॉल, जावयाचं ११८ आणि सासऱ्यांचं ६८. डॉक्टरांनी जावयाला गोळी दिली नाही. सासऱ्यांची मात्र एक गोळी वाढवली. सासूबाईंना वाटणार, रिपोर्टांची अदलाबदल झाली! सासऱ्यांच्या ६८ समोर तर ‘१०० पेक्षा कमी: उत्तम’ असं छापलेलंही आहे.

घोळ त्या छापील रकान्यात आहे. हिमोग्लोबिनसारख्या तपासणीची ‘नॉर्मल’ मर्यादा ठरवताना धडधाकट माणसांचं रक्त तपासतात, दोन्ही टोकांचे अडीच-अडीच टक्के आकडे सोडतात आणि मधले ९५ टक्के नॉर्मल मानतात. कोलेस्टेरॉलला ही रीत लावली की फसगत होते. ज्यांना आपण धडधाकट म्हणून रांगेत उभं करतो, त्यांतल्या कित्येकांच्या रक्तवाहिन्यांत चरबीचा थर गुपचूप साठत असतो. सगळ्या गावाचाच आकडा चढलेला असेल, तर गावाची सरासरी निरोगी कशी म्हणायची? म्हणून मोजमापाचा प्रश्नच बदलला: ‘किती जणांचं एवढं असतं’ हे न विचारता ‘कितीपासून हृदयविकार वाढतो’ हे पाहायचं. अमेरिकेत १९८८ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी एकूण कोलेस्टेरॉल २०० च्या आत ‘डिझायरेबल’, म्हणजे इष्ट, ठरवलं. तोच शब्द आपल्या रिपोर्टांवर आहे.

पण इष्ट कुणासाठी? धोका २०० वर अचानक सुरू होत नाही, तो हळूहळू चढत जातो. आणि लॅबला नमुन्यासोबत वय नि लिंग कळतं. स्टेंट, मधुमेह, सिगारेट सहसा कळत नाही. त्यामुळे ती सगळ्यांना एकच रकाना छापते.

२०१९ च्या युरोपीय तत्त्वांप्रमाणे कमी धोक्याच्या माणसाचं लक्ष्य ११६ च्या खाली आहे. जावई सिगारेट ओढत नाहीत, रक्तदाब आणि साखर ठीक, घरात लवकर हार्ट अटॅक आलेलं कुणी नाही. ११८ ला त्यांनी वजन आणि तळण आवरलं तरी पुष्कळ. सासऱ्यांची रक्तवाहिनी मात्र एकदा तुंबली आहे. त्यांचं लक्ष्य ५५ च्या खाली, शिवाय मूळ आकडा निम्म्यावर यायला हवा. मूळ १३६ होतं. अ‍ॅटोर्वास्टॅटिन ४० ने ते ६८ झालं. डोस दुप्पट केला तरी आणखी जेमतेम सहा टक्के उतरतं, म्हणजे ६४. एझेटिमाइब जोडलं तर साधारण वीस टक्के, म्हणजे ५४. म्हणून ती दुसरी गोळी. भारतातल्या लिपिड तज्ज्ञांची संघटना तर अशा रुग्णाला ५० च्या खाली न्या म्हणते, त्यामुळे ५४ वरही एखादा डॉक्टर कुरकुरेल.

खरी गडबड पुढे होते. ‘रिपोर्ट नॉर्मल आला’ म्हणून सासरे गोळ्या बंद करतात. ६८ हा गोळीचा आकडा होता. बंद केल्यावर काही आठवड्यांत तो परत १३६ च्या आसपास जातो, आणि छातीत काहीच जाणवत नाही.