अन्नदानाचा व्हिडिओ करताय? कॅमेरा कुठे थांबवायचा, ते आधी ठरवा

आषाढी वारीत ज्ञानेश्वर माउलींची पालखी नीरा नदी ओलांडून सातारा जिल्ह्यात येते. लोणंद, तरडगाव, फलटण या वाटेवर अनेक मंडळे वारकऱ्यांना जेवण देतात. नंतर त्या दिवसाचा मिनिट-दीड मिनिटाचा व्हिडिओ ग्रुपवर येतो. मात्र जेवणाऱ्यांचे चित्रीकरण सगळीकडे सारखे नसते.

वारी आणि पूर यांत फरक काय?
वारकरी पंगतीत प्रसाद घेतो. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेच्या पुरामुळे सांगलीतील हजारो कुटुंबे निवारा केंद्रांत गेली. तिथे ताटापुढे बसलेला माणूस आदल्या आठवड्यात स्वतःच्या घरी जेवत होता. चेहरा दिसला तर नातेवाईक, मुलांचे मित्र, दुकानातले गिऱ्हाईक सगळेच ओळखतात. म्हणून पूरग्रस्तांचे चेहरे घेऊच नयेत. वारीतही विचारूनच घ्यावेत.

परवानगी कधी विचारायची?
जेवण झाल्यावर, हात धुऊन झाल्यावर. ताट हातात देताना विचारले तर नाही म्हणणे अवघड जाते. व्हिडिओ कुठे टाकणार, हेही सांगावे. लहान मुलांसाठी आई-वडिलांना विचारावे.

कामे कशी वाटायची?
भाजी चिरणारे, आचाऱ्याचे मदतनीस, वाढपी, पाणी देणारे, रांग सांभाळणारे आणि पत्रावळ्या उचलणारे अशा तुकड्या कराव्यात. चित्रीकरण एकाकडेच द्यावे आणि त्याला वाढायला लावू नये. एका हातात पळी आणि दुसऱ्या हातात मोबाइल असला की पंगत खोळंबते. इतरांचे मोबाइल खिशात राहावेत, नाहीतर एकाने पाळलेला नियम दुसरा मोडतो.

काय टिपायचे?
समजा, व्हिडिओ ७५ सेकंदांचा आहे. पहिली २५ सेकंदे पहाटेची चूल, तांदूळ धुणे, भाजीचा ढीग. पुढची २५ पंगतीची. इथे कॅमेरा जेवणाऱ्यांच्या पाठीमागे, बसलेल्या माणसाच्या उंचीवर ठेवावा, म्हणजे वाढप्याचा चेहरा आणि ताट दिसते. उभ्याने वरून घेतले की जेवणारा याचक वाटतो. शेवटची २५ सेकंदे भांडी घासणे, जागा झाडणे आणि आकडा. आकडा अंदाजाने सांगू नये. आणलेल्या पत्रावळ्यांतून उरलेल्या आणि फाटलेल्या वजा कराव्यात.

चेहरा धूसर केला तर?
धूसर चेहरा बातमीतल्या आरोपीसारखा दिसतो. शिवाय कपडे, आवाज, शेजारी बसलेला माणूस यांवरून ओळख पटतेच. त्यापेक्षा तो तुकडा काढून टाकावा.

पाठवण्यापूर्वी
व्हिडिओ एकदा आवाज बंद करून थांबत थांबत पाहावा. मागच्या रांगेतले चेहरे तेव्हाच दिसतात. मग फक्त आवाज ऐकावा. कुणाचे नाव किंवा गल्ली ऐकू येत असेल तर तिथे भजन किंवा टाळांचा आवाज घालावा. हे आधीच करावे, कारण व्हॉट्सॲपवर पुढे गेलेला व्हिडिओ मंडळाला परत घेता येत नाही.