बेचाळिसातून सतरा

पालकहो,

दिवाळीनंतर दुसरीच्या वह्यांत गणितं कमी दिसू लागली आणि दप्तरांत काड्या, रबरबँड सापडू लागले. मुलं वर्गात नुसती खेळतात का, असं तुमच्यापैकी काहींनी विचारलं. शंका रास्त आहे. एका वजाबाकीवरून सांगते.

४२ वजा १७. चाचणीत बऱ्याच मुलांनी उत्तर लिहिलं ३५. हा निष्काळजीपणा नाही. दोनातून सात जात नाहीत, म्हणून मूल सातातूनच दोन काढतं आणि पाच लिहितं; मग चारातून एक गेला, तीन. त्याच्या लेखी ४२ म्हणजे शेजारी बसलेले दोन वेगळे अंक असतात. ‘शेजारून एक उसना घे’ हे आपण सगळेच शिकलो. पण एक घेतल्यावर दोनाचे तीन न होता बारा का होतात, हे त्या नियमातून मुलाला कळत नाही.

म्हणून आता मुलं आधी दहा-दहा काड्या मोजून त्यांचे गठ्ठे बांधतात. ४२ म्हणजे चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या. बाई त्यातून सतरा मागतात. एक गठ्ठा सहज देता येतो, पण सुट्या सात कुठून आणायच्या? मूल घुटमळतं, शेजारच्याकडे बघतं, आणि मग स्वतःच एका गठ्ठ्याचं रबर काढतं. उरलेले दोन गठ्ठे, सुट्या झाल्या बारा. सात दिल्या, पाच राहिल्या. पंचवीस! रबर काढण्याचा हा क्षण आम्हाला फार मोलाचा वाटतो, म्हणून तिथे बाई मुद्दाम गप्प राहतात.

पुढे काड्यांऐवजी वहीत रेघा आणि ठिपके येतात, आणि शेवटी फक्त अंक. वस्तू, चित्र, चिन्ह हा क्रम जेरोम ब्रुनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात मांडला होता.

यात अडचणीही आहेत. ४२ काड्या मागितल्यावर एखादं मूल सगळे गठ्ठे सोडून एकेक काडी मोजत बसतं. म्हणजे गठ्ठ्यातल्या दहांवर त्याचा अजून भरवसा नाही, त्याला पुन्हा बांधायला बसवावं लागतं. दुसरं मूल काड्यांनी पंचवीस काढतं आणि वहीत पस्तीसच लिहितं. त्याच्यासाठी आम्ही प्रत्येक कृती झाली की लगेच तिच्या शेजारी अंक लिहून घेतो. काड्या कायमच्या नाहीत. वर्ष संपेपर्यंत त्या बाजूला ठेवायच्या आहेत. पाढेही पाठ करून घेणारच आहोत.

घरी वजाबाकीची रीत तूर्तास शिकवू नका. त्याऐवजी दहाच्या चार नोटा आणि रुपयाची दोन नाणी मुलाच्या हातात द्या आणि सतरा रुपये मागा. जवळ रुपयाची दहा नाणी तयार ठेवा, पण नोट मोडून घे, हे तुम्ही सांगू नका.

आपली,
मुख्याध्यापिका