देव मानत नाही, पण दर रविवारी विहारात

अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरने २०१९ च्या अखेरीस भारतात धर्माविषयी एक मोठं सर्वेक्षण सुरू केलं. सुमारे ३० हजार प्रौढांना १७ भाषांतून प्रश्न विचारले गेले, आणि त्यांतल्या ९७ टक्के लोकांनी आपण देव मानतो असं सांगितलं. आकडा अपेक्षित होता. बौद्धांचं उत्तर मात्र वेगळं आलं. त्यांच्यापैकी साधारण एक तृतीयांश लोक म्हणाले, आम्ही देव मानत नाही.

नागपुरात किंवा औरंगाबादेत राहणाऱ्याला याचं नवल वाटणार नाही. २०११ च्या जनगणनेनुसार देशातले तीन चतुर्थांशाहून अधिक बौद्ध महाराष्ट्रात राहतात आणि त्यांतले बहुसंख्य डॉ. आंबेडकरांच्या १९५६ च्या धम्मदीक्षेची परंपरा सांगणारे आहेत. त्या वेळच्या बावीस प्रतिज्ञांमधली पहिलीच ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव न मानण्याची आहे. ती मनापासून पाळणारा माणूस ‘तुम्ही देव मानता का?’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हणतो, तेव्हा तो आपल्या धम्माशी इमान राखत असतो. प्रश्नावली मात्र त्याला ‘कमी धार्मिक’ या रकान्यात टाकते.

वेगवेगळ्या धर्मांच्या लोकांची तुलना करू पाहणाऱ्या समाजशास्त्रज्ञापुढची अडचण ही अशी असते. प्रश्न सगळ्यांना एकच विचारला, म्हणून एकच गोष्ट मोजली असं होत नाही.

यावर बरंच काम झालेलं आहे. चार्ल्स ग्लॉक या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९६२ मध्ये धार्मिकतेची पाच अंगं वेगळी केली होती: श्रद्धा, विधी, अनुभव, ज्ञान आणि रोजच्या वागण्यावर होणारा परिणाम. त्याच वाटेने पुढे जात श्टेफान हूबर यांनी एक मोजपट्टी बेतली. जर्मनीच्या बेर्टेल्समान प्रतिष्ठानने ती २१ देशांतल्या सर्वेक्षणात वापरली, त्यात भारतही होता. तिच्या सर्वांत छोट्या रूपात पाचच प्रश्न आहेत. धार्मिक बाबींचा विचार किती वेळा करता? देव किंवा काही दैवी अस्तित्वात आहे असं किती प्रमाणात मानता? सामूहिक उपासनेला किती वेळा जाता? प्रार्थना किती वेळा करता? आणि देव किंवा काही दैवी शक्ती आपल्या आयुष्यात हात घालते आहे असं किती वेळा जाणवतं? प्रत्येक उत्तराला १ ते ५ गुण मिळतात आणि त्यांची सरासरी काढतात. २ पर्यंत ‘धार्मिक नाही’, ४ पासून पुढे ‘अतिशय धार्मिक’, मधले सगळे ‘धार्मिक’.

आता दोन काल्पनिक माणसं या पट्टीवर मोजून पाहू. पहिले नागपूरचे बौद्ध गृहस्थ. घरी रोज त्रिशरण-पंचशील म्हणतात, थोडा वेळ ध्यानाला बसतात, दर रविवारी विहारात जातात, धम्मावर भरपूर वाचतात. विचाराला ५, विहाराला ५. देवाला १. ‘प्रार्थना करता का?’ यावर ते म्हणतात, ‘आम्ही वंदना करतो, कुणाकडे काही मागत नाही,’ म्हणून तिथेही १. दैवी हस्तक्षेपाला अर्थातच १. बेरीज १३, सरासरी २.६.

दुसऱ्या त्यांच्याच गल्लीतल्या हिंदू गृहिणी. रोज देवपूजा (५), देवावर पूर्ण विश्वास (५), संकटात देव धावून आल्याचा अनुभव बऱ्याचदा (४), सणावारी देवळात (३), धर्माचा वेगळा असा विचार अधूनमधून (३). बेरीज २०, सरासरी ४. पट्टीच्या मते बाई अतिशय धार्मिक, आणि गृहस्थ जेमतेम.

हूबर यांना ही अडचण ठाऊक होती. म्हणून त्यांनी बहुधर्मीय समाजांसाठी सात प्रश्नांचं वेगळं रूप काढलं. त्यात प्रार्थनेच्या जोडीला ध्यानाचा प्रश्न येतो आणि दैवी हस्तक्षेपाच्या जोडीला ‘सगळ्याशी एकरूप झाल्याचा’ अनुभव. प्रत्येक जोडीतलं ज्याचे गुण जास्त, ते धरायचं. आपल्या गृहस्थांना ध्यानाचे ५ मिळाले आणि एकरूपतेचे समजा ३, तर बेरीज १९ होते, सरासरी ३.८. मोठी सुधारणा झाली. तरीही ते ४ च्या खालीच राहिले, कारण देवाच्या अस्तित्वाचा प्रश्न जागचा हललेला नाही. शिवाय दहा मिनिटांचं ध्यान आणि मनोभावे केलेली प्रार्थना एकाच तोलाची आहे, हे या हिशेबाने न तपासताच धरून टाकलं.

सामूहिक उपासनेचा प्रश्न निरुपद्रवी दिसतो, पण सर्वाधिक फसवतो तोच. त्याची घडण चर्चच्या रविवारावर बेतलेली आहे. जुम्म्याची सामूहिक नमाज मुस्लिम पुरुषांवर बंधनकारक आहे, स्त्रियांवर नाही. घरी पाच वेळा नमाज पढणारी, महिनाभर रोजे ठेवणारी बाई ‘मशिदीत कधी जाता?’ या प्रश्नावर ‘कधीच नाही’ म्हणते आणि तिचे गुण कापले जातात. अशा आकड्यांवरून कुणी ‘मुस्लिम पुरुष बायकांपेक्षा धार्मिक’ असा निष्कर्ष काढला, तर त्याने मोजली श्रद्धा नाही, मशिदीतली उपस्थिती मोजली.

प्रश्न बिघडलाय हे कळतं कसं? पहिला उपाय साधा आणि वेळखाऊ. मुख्य सर्वेक्षणाआधी प्रत्येक परंपरेतल्या काही लोकांना प्रश्न विचारायचा आणि उत्तर मिळाल्यावर तिथेच थांबायचं: ‘हे ऐकल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर काय आलं? आठवड्यातून एकदा म्हणालात, ते कशाकशाला धरून?’ देवघरात दिवा लावणं कुणी प्रार्थनेत धरतो, कुणी धरत नाही. ही गफलत अशा गप्पांतच सापडते.

दुसरा उपाय आकडेवारीचा. एकूण गुण साधारण सारखे असलेले बौद्ध, हिंदू आणि मुस्लिम घ्यायचे आणि एकेक प्रश्न वेगळा तपासायचा. पट्टी सगळ्यांना सारखी लागू होत असेल, तर प्रत्येक प्रश्नाची उत्तरंही जवळपास सारखी यायला हवीत. देवाच्या प्रश्नावर बौद्ध आणि मशिदीच्या प्रश्नावर मुस्लिम स्त्रिया सातत्याने घसरत असतील, तर तो दोष प्रश्नाचा. मात्र बहुतेक प्रश्न एकाच बाजूला झुकलेले असतील तर एकूण गुणच वाकडे येतात, आणि मग ही तपासणी काही पकडू शकत नाही.

दोष सापडल्यावर मोह होतो तो प्रत्येक धर्माला त्याचे त्याचे प्रश्न देण्याचा: बौद्धांना पंचशील, मुस्लिमांना रोजे, हिंदूंना उपवास आणि कुलाचार. त्याने प्रत्येक समाजाच्या आत कोण किती पाळतो हे चांगलं कळतं. पण मग ‘बौद्ध जास्त धार्मिक की हिंदू?’ हा प्रश्न सोडून द्यावा लागतो, कारण दोघांची शून्यं वेगळी झाली. तो सोडलेलाच बरा, असं म्हणायला जागा आहे. त्याऐवजी जास्त पाळणारे लोक जास्त दानधर्म करतात का, आणि हे नातं दोन्ही समाजांत सारखंच दिसतं का, हे तपासता येतं. त्यासाठी दोन्हीकडची शून्यं जुळावी लागत नाहीत. दोन्हीकडे एक पायरी सारख्याच उंचीची असली की भागतं. ती तशी आहे का, हे मात्र आधी तपासून घ्यावं लागतं.

राहिला महिना. श्रावणात फिरलेला सर्वेक्षक हिंदूंचे उपवास वाढवून आणतो, रमजानात फिरलेला मुस्लिमांची नमाज, वर्षावासात फिरलेला विहारातली गर्दी. सगळ्यांना सारखा असा महिना पंचांगात नाही. त्यामुळे ‘गेल्या आठवड्यात’ आणि ‘गेल्या वर्षभरात’ असे दोन्ही प्रश्न विचारतात आणि मुलाखतीची तारीख प्रत्येक अर्जावर नोंदवतात.