परवाना आधी, सुरुवात नंतर

आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जीवाणूचं गुणसूत्र गोल असतं आणि त्यात सुमारे 46 लाख अक्षरांचा डीएनए असतो. पेशी दुभंगण्याआधी या सगळ्याची नक्कल व्हावी लागते. ती सुरू होते एकाच ठिकाणी. जेमतेम 245 अक्षरांच्या या पट्ट्याला ‘ओरी-सी’ म्हणतात. तिथून नकला करणाऱ्या यंत्रणांची दोन पथकं विरुद्ध दिशांना निघतात. प्रत्येकाचा वेग सेकंदाला साधारण हजार अक्षरं, म्हणजे चाळीसेक मिनिटांत काम फत्ते.

पण भरपूर खायला मिळालं की हाच जीवाणू दर वीस मिनिटांनी दुप्पट होतो. चाळीस मिनिटांचं काम वीस मिनिटांत कसं होणार? शिवाय नक्कल संपल्यावर प्रत्यक्ष दुभंगायला आणखी वीसेक मिनिटं लागतात. कूपर आणि हेल्मस्टेटर यांनी 1968 मध्ये याचं उत्तर दिलं: पहिली फेरी संपायची वाट न बघता जीवाणू दुसरी फेरी सुरू करतो. साठ मिनिटांचा हिशोब मांडला तर आज दुभंगणाऱ्या पेशीतली फेरी तिच्या आजीच्या जन्माच्या सुमारास सुरू झालेली असते! त्यामुळे एकाच पेशीत चार किंवा आठ आरंभस्थळं असतात आणि ती सगळी जवळजवळ एकाच वेळी सुरू होतात.

इथेच खरी अडचण आहे. आठपैकी एखादं स्थळ चुकून लागोपाठ दोनदा सुरू झालं तर? सुरुवात कशी होते हे जितकं महत्त्वाचं, तितकंच ती लगेच पुन्हा का होत नाही, हेही.

सुरुवात करतं डीएनए-ए नावाचं प्रथिन. एटीपीचा रेणू धरून बसलेलं असेल तरच ते कामाचं. ओरी-सीवर त्याच्यासाठी ठरावीक जागा असतात. तिथे त्याचे बरेच रेणू रांगेने बसले की डीएनएला पीळ बसतो आणि शेजारच्या, ए आणि टी अक्षरांनी भरलेल्या भागात दोन धागे विलग होतात. तिथे पकड सैल असते, कारण ए-टी जोडीत तीनऐवजी दोनच हायड्रोजन बंध असतात. उघडलेल्या धाग्यांवर डीएनए-बी हे धागे उलगडत नेणारं कडं चढवलं जातं, आणि नक्कल सुरू होते.

आता ‘पुन्हा नाही’चा बंदोबस्त. जीवाणूच्या डीएनएवर जीएटीसी ही चार अक्षरं जिथे येतात, तिथल्या ए अक्षरावर एक एन्झाइम मिथाइलची खूण करत असतं. ही चार अक्षरं निव्वळ योगायोगाने 256 अक्षरांमागे एकदाच यायला हवीत. ओरी-सीच्या 245 अक्षरांत ती 11 वेळा येतात. नक्कल होताच जुन्या धाग्यावर खूण असते आणि नव्या कोऱ्या धाग्यावर नसते. अशी अर्धीच खूण असलेल्या जागा सेक-ए नावाचं प्रथिन ओळखतं आणि त्यांवर ठाण मांडतं. गुणसूत्राच्या इतर भागांत खूण लवकरच पूर्ण होते. ओरी-सी मात्र पेशीचक्राच्या सुमारे एक तृतीयांश काळ झाकलेलं राहतं. दरम्यान, चालू झालेली नक्कल-यंत्रणाच डीएनए-एजवळच्या एटीपीचं एडीपी करायला लावते, आणि ते निष्प्रभ होतं. झाकण निघेपर्यंत चावीची धार गेलेली असते.

सेक-ए नसेल तर काय होतं, हे बघायची युक्ती मला फार आवडते. क्षयरोगावरच्या रिफॅम्पिसिनने नवी सुरुवात थांबते, पण चालू फेऱ्या पूर्ण होतात. सोबत सेफॅलेक्सिन दिलं की पेशी दुभंगत नाही. म्हणजे औषध देताना पेशीत जितकी आरंभस्थळं होती, शेवटी तितकी पूर्ण गुणसूत्रं तिच्यात सापडतात. मग फक्त डीएनए मोजायचा. निरोगी जीवाणूत आकडा येतो 2, 4 किंवा 8. सेक-ए नसलेल्या जीवाणूत 3, 5, 6, 7 असे आकडेही दिसू लागतात: काही स्थळं दोनदा सुरू झाली आणि काही मागे राहिली.

माणसाच्या पेशीत एका आरंभस्थळावर भागणारच नाही. आपलं पहिलं गुणसूत्र जवळपास 25 कोटी अक्षरांचं असतं आणि आपली यंत्रणा मिनिटाला दोनेक हजार अक्षरंच उरकते. मधोमध एकाच ठिकाणी सुरुवात केली तर सुमारे 43 दिवस लागतील. प्रत्यक्षात सगळ्या गुणसूत्रांची नक्कल साधारण आठ तासांत होते, कारण ती हजारो ठिकाणांहून सुरू होते. ही स्थळं एकाच वेळी सुरू होत नाहीत, काही पहिल्या तासात तर काही सातव्या. मग सातव्या तासाला पेशीला कसं कळतं, की कुठलं स्थळ झालंय आणि कुठलं राहिलंय?

1970 मध्ये राव आणि जॉन्सन यांनी दोन वेगवेगळ्या अवस्थांतल्या मानवी पेशी एकमेकींत मिसळल्या. नक्कल चालू असलेल्या पेशीशी जिची नक्कल व्हायची आहे अशी पेशी जोडली, तर तिच्या केंद्रकात नक्कल वेळेआधीच सुरू झाली. पण जिची नक्कल नुकतीच पूर्ण झाली आहे अशी पेशी जोडली, तर तिचं केंद्रक ढिम्म. सुरू करणारा रस आजूबाजूला मुबलक होता. त्या डीएनएतच काहीतरी कमी पडत होतं. 1988 मध्ये ब्लो आणि लास्की यांनी बेडकाच्या अंड्यांच्या अर्कात केंद्रकं ठेवून याची उकल पुढे नेली आणि त्या ‘काहीतरी’ला परवाना म्हटलं: एका फेरीसाठी एक, वापरला की संपला.

हा परवाना म्हणजे एमसीएम नावाचं सहा प्रथिनांचं कडं. ते गुणसूत्राच्या टोकातून ओवायची सोय नसते, कारण टोक फार लांब असतं. म्हणून पेचाचा तोडा मनगटात घालताना उघडतात, तसं ते एका सांध्यात उघडतं आणि डीएनएभोवती मिटतं. हे काम ओआरसी, सीडीसी-6 आणि सीडीटी-1 ही प्रथिनं करतात, आणि प्रत्येक स्थळी दोन कडी समोरासमोर बसवतात. ओआरसी यीस्टमध्ये पहिल्यांदा हाती लागलं ते 1992 मध्ये, बेल आणि स्टिलमन यांना. बसवलेली कडी मात्र निपचित असतात. नक्कल सुरू होण्याची वेळ आली की सीडीके आणि डीडीके ही एन्झाइमं कामाला लागतात, मदतनीस प्रथिनं कड्यांना येऊन चिकटतात, कडी एकेका धाग्यावर सरकतात आणि विरुद्ध दिशांना निघतात.

सगळी हुशारी पुढे आहे. जे सीडीके कडी चालू करतं, तेच नवी कडी बसवणं बंद पाडतं. प्राण्यांत जेमिनिन नावाचं प्रथिन सीडीटी-1 ला घट्ट धरून ठेवतं, शिवाय नक्कल सुरू होताच सीडीटी-1 नष्टही केलं जातं. म्हणजे परवाना देण्याची खिडकी बंद झाल्यावरच काम सुरू होतं. एकदा गेलेलं कडं परत येत नाही, म्हणून सातव्या तासाला पेशीला काही आठवावं लागत नाही: कडं असेल तर स्थळ बाकी आहे, नसेल तर झालं. यीस्टमध्ये 2001 साली शास्त्रज्ञांनी हा बंदोबस्त मोडून पाहिला. ओआरसी, सीडीसी-6 आणि एमसीएम यांच्यावरचे तिन्ही निर्बंध एकदम उठवले, तेव्हाच डीएनए दुपटीच्या पुढे गेला. मानवी पेशींच्या काही प्रकारांत नुसतं जेमिनिन काढलं तरी असं होतं, आणि तुटक्या डीएनएची धोक्याची घंटा वाजते.

या नियमाची किंमतही आहे. नक्कल चालू असताना एखादं पथक अडलं, तर वाटेत नवा परवाना देता येत नाही. म्हणून पेशी आधीच गरजेपेक्षा कितीतरी जास्त कडी बसवून ठेवते. बहुतेक स्थळं वापरलीच जात नाहीत; शेजारून आलेलं पथक तिथली नक्कल करून टाकतं. 2007 मध्ये ब्लो यांच्या प्रयोगशाळेने मानवी पेशींतली एमसीएम कमी केली. एरवी त्या पेशी बिनतक्रार वाढल्या. पण सिकलसेलच्या रुग्णांना दिलं जाणारं हायड्रॉक्सियुरिया थोड्या मात्रेत टाकलं, डीएनएचा कच्चा माल आटला, पथकं रेंगाळू लागली, आणि या पेशींना निभावणं जड गेलं. पडून राहिलेली कडी नेमकी कशासाठी होती, ते तेव्हा दिसलं.