एक जण आजारी पडला म्हणून मंदिराचे कार्यालय थांबू नये



मी विश्वस्त मंडळावर होतो तेव्हाची गोष्ट. कार्यालय सांभाळणाऱ्या ताईंना अचानक पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल व्हावे लागले. तीन आठवडे सुट्टी. पूजा, आरती, महाप्रसाद सगळे नीट चालले, म्हणून कुणाला काही जाणवले नाही. १४ ऑक्टोबरच्या संध्याकाळी खजिनदारांच्या लक्षात आले की सप्टेंबरच्या पगारातून कापलेला कर १५ तारखेपर्यंत सरकारकडे भरायचा आहे. तो ज्या सरकारी यंत्रणेतून भरतात, तिथे आदल्या दिवशी रात्री आठच्या आत (पूर्व किनाऱ्याच्या वेळेने) नोंद करावी लागते. पिन फक्त ताईंना ठाऊक, आणि नवीन पिन टपालाने यायला साधारण आठवडा लागतो. पैसे भरले गेले २४ तारखेला. पाच दिवसांपर्यंतच्या उशिराला दोन टक्के दंड असतो, सहा ते पंधरा दिवसांना पाच टक्के. आम्हाला पाच टक्के बसला. खात्यात पैसे पडून होते, तरीही.

दंडापेक्षा मला दुसरी गोष्ट जास्त लागली. त्याच दिवसांत एका एकट्या राहणाऱ्या आजोबांना घरभाड्यासाठी मदत मंजूर झाली होती. तो चेक ताईंच्या कपाटातल्या फाइलमध्ये तसाच राहिला.

दवाखान्यात आम्ही हे वेगळ्या रीतीने शिकलो होतो. मुलांच्या मोफत लसीकरणाच्या सरकारी योजनेत सहभागी होणाऱ्या दवाखान्याला लसींसाठी एक जबाबदार माणूस आणि त्याच्या जोडीला एक पर्यायी माणूस नेमावाच लागतो, आणि दोघांचेही प्रशिक्षण दरवर्षी व्हावे लागते. कारण लसींचा फ्रिज ३६ ते ४६ अंश फॅरनहाइटमध्ये ठेवायचा असतो. नेमलेली नर्स रजेवर गेली आणि फ्रिज बिघडला, तर तिची वाट पाहत बसता येत नाही.

मंदिरात हेच करायचे तर सगळी कामे सगळ्यांना शिकवू नयेत. ते जमतही नाही. प्रत्येक कामाला एकच प्रश्न विचारावा : हे पंधरा दिवस झाले नाही तर काय होईल? भिंतीवरची दिनदर्शिका बदलली नाही तर काही बिघडत नाही. पण पगार, पगाराचा कर, मदतनिधीचे चेक आणि देणगीची पत्रे थांबता कामा नयेत. (२५० डॉलर किंवा त्याहून अधिक देणगीची करसवलत घ्यायची तर विवरणपत्र भरण्याआधी संस्थेचे लेखी पत्र हाती लागते. जानेवारीत फोन का वाजत राहतो, ते यावरून कळेल.) आमच्याकडे अशी चारच कामे निघाली.

शिकवण्याची पद्धत शल्यक्रियेच्या शिक्षणासारखीच ठेवली. पहिल्या महिन्यात शिकणाऱ्याने शेजारी बसून पाहायचे. पाहताना पायऱ्यांची टिपणे शिकणाऱ्यानेच लिहायची. हे महत्त्वाचे आहे. ज्याला काम येते तो लिहायला बसला, तर त्याला सवयीच्या झालेल्या गोष्टी गाळल्या जातात. आमच्या ताईंनी पूर्वी लिहून ठेवलेल्या कागदावर ‘नेहमीप्रमाणे फाइल पाठवावी’ एवढेच होते. कोणती फाइल, कुणाला, हे त्यांनाच माहीत. दुसऱ्या महिन्यात शिकणाऱ्याने काम करायचे आणि ताईंनी गप्प बसून पाहायचे. त्यांना गप्प बसणे फार जड गेले! तिसऱ्या महिन्यात ताई मुद्दाम घरी थांबल्या, फोनही न उचलता. खरी कसोटी तीच. त्या दिवशी कळले की चेकबुकाच्या कपाटाची दुसरी किल्ली कुणाकडेच नाही.

पुढे दर तीन महिन्यांनी एकदा ते काम पर्यायी माणसानेच करायचे असे ठरले. वर्षभर हात लावला नाही, तर शिकलेले विसरते आणि बँकेचे पडदेही बदललेले असतात.

दोन बाबतींत सांभाळावे लागते. एक, कुणी कुणाला आपला पासवर्ड देऊ नये. बँकेकडून पर्यायी माणसाचे वेगळे लॉगिन काढून घ्यावे, म्हणजे कोणते काम कुणी केले ते दिसते. दुसरे, चेक लिहिणारा, सही करणारा आणि महिनाअखेर बँकेचा हिशेब जुळवणारा ही तीन वेगळी माणसे असावीत. ताई नाहीत म्हणून खजिनदारांनीच चेक लिहिला, सही केली आणि हिशेबही तपासला, तर काम चालेल, पण चूक पकडणारा कुणी उरणार नाही. म्हणून पर्यायी माणूस सहीचा अधिकार नसलेलाच निवडावा.

ज्येष्ठ सभासदांना विनंती एवढीच. आपल्यापैकी अनेकांनी बँकेत, शाळेत, कारखान्यात हिशेब सांभाळले आहेत. सध्या देणगीपत्रे आणि मदतनिधीचे चेक या दोन कामांसाठी पर्यायी माणूस हवा आहे. महिन्यातून दोन सकाळी, तीन-तीन तास. संगणकाची भीती वाटत असेल तरी या, पहिला महिना नुसते पाहायचेच आहे. आरतीनंतर कार्यालयात नाव सांगावे. गाडी चालवत नसाल तर तेही सांगावे, आणण्या-पोहोचवण्याची सोय करू.